भिंत किती किलो पिते?

एकाच खोलीला एक रंगारी साडेसात किलो डिस्टेंपर लागेल म्हणतो, दुसरा पंधरा किलो सांगतो. दोघांनीही टेप लावलेली असते, दोघांचंही क्षेत्रफळ सारखंच भरतं आणि दोघंही दोनच हात मारणार असतात. तरी एकाच्या हिशेबात रंग दुप्पट होतो. घरमालकाला वाटतं, दुसरा लबाड आहे. पण पुष्कळदा लबाडीचा यात काही संबंध नसतो. दोघांनी डब्यावरची एकच ओळ वेगवेगळी वाचलेली असते.

हिशेब तसा शाळकरी आहे. भिंतीचं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला हातांच्या संख्येनं गुणायचं आणि एका किलोत एका हाताला जेवढी भिंत झाकली जाते त्या आकड्यानं भागायचं. क्षेत्रफळ टेपनं कळतं. हात किती द्यायचे ते आपण ठरवतो. गोंधळ होतो तो तिसऱ्या आकड्यात. एका किलोत किती भिंत, हा आकडा ना टेपवर मिळतो ना आपल्या मर्जीवर असतो. तो भिंतीवर, चुन्यावर, पाण्यावर आणि कुंचल्यामागच्या हातावर अवलंबून असतो. शिवाय तो 'किलो' नेमका कशाचा, हाही प्रश्न असतोच.

आधी क्षेत्रफळाचं उरकून घेऊ. पंधरा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक साधी खोली घेतली, तर चारही भिंतींची मिळून लांबी 54 फूट होते. तिला उंचीनं गुणलं की 540 चौरस फूट. तीन बाय सातचं एक दार आणि चार बाय चारच्या दोन खिडक्या वजा केल्या की 53 चौरस फूट कमी होतात, उरतात 487. वरचा स्लॅब 180 चौरस फुटांचा. म्हणजे भिंती आणि छत मिळून 667. महाराष्ट्रात गवंडी आणि रंगारी शंभर चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. त्या भाषेत हे काम पावणेसात ब्रासच्या आसपास आहे.

दारं-खिडक्यांच्या वजावटीवरून मात्र भांडणं होतात, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. ठेकेदाराच्या बिलातलं क्षेत्रफळ आणि रंग किती लागेल ते काढायचं क्षेत्रफळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कामांच्या मोजणीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करतच नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरचं दार-खिडकी असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच काम असेल, तर एकाच बाजूची वजावट धरतात. खिडकीच्या कडा, कोपरे यांच्या मेहनतीचा मोबदला अशा रीतीनं परस्पर चुकता होतो. मजुरीसाठी हा नियम रास्त आहे. पण त्याच बिलावरून डबे विकत आणले तर उरणारच.

जुन्या जाड भिंतींच्या घरांत याच्या उलट घडतं. कोकणातल्या जांभ्याच्या घरात खिडकीची चौकट बाहेरच्या अंगाला बसवलेली असते आणि आतल्या बाजूला फूटभर खोल जागा राहते. चार बाय चारच्या अशा खिडकीच्या चारही बाजूंची मिळून लांबी सोळा फूट, खोली एक फूट, म्हणजे रंगवायची जागा सोळा चौरस फूट. खिडकी म्हणून आपण वजा करतो तेही सोळाच! खालच्या कट्ट्याला फरशी असेल तर बारा चौरस फूट उरतात. म्हणजे अशा घरात खिडक्यांची वजावट करणं जवळजवळ फुकट आहे. त्यातून कोनाडे असले तर क्षेत्रफळ वाढतंच.

आता चुन्याकडे वळू. भट्टीत चुनखडी नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली तर कळी छप्पन किलो मिळते. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, आणि मध्य प्रदेशातलं कटनी तर चुन्यासाठीच ओळखलं जातं. ही कळी पाण्यात टाकली की ती उकळते, फुटते आणि पाणी शोषून विरते. भिंतीवर मारलेला विरलेला चुना पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. सफेदी भिंतीला धरून राहते ती या रासायनिक क्रियेमुळे. नुसती वाळून ती तशी धरत नाही.

अंदाजपत्रकांच्या पुस्तकांत सफेदीचा सोपा आकडा दिलेला असतो. शंभर चौरस मीटरला एका हाताला दहा किलो कळीचा चुना. चौरस फुटांत आणला की एका किलोत साधारण 107 चौरस फूट येतात. थोडी सांडलवंड धरली की आकडा तोंडपाठ व्हावा इतका सोपा होतो: एका ब्रासला, एका हाताला, एक किलो. आपल्या खोलीच्या 667 चौरस फुटांना दोन हात द्यायचे तर 13 किलोहून थोडा जास्त चुना लागेल. नव्या गिलाव्याला तीन हात देतात, तेव्हा वीस किलो. जुन्या सफेदीवर एक किंवा दोन हात पुरतात.

पण हे सगळे किलो कळीचे आहेत. दुकानात बहुतेक वेळा मिळते ती विरलेल्या चुन्याची कोरडी पावडर, आणि तिच्या वजनात पाणी मुरलेलं असतं. 56 किलो शुद्ध कळीची विरल्यावर 74 किलो पावडर होते. म्हणजे कळीच्या हिशेबातल्या 13.3 किलोंच्या जागी पावडर साडेसतरा किलोंच्या वर घ्यावी लागते. पुस्तकातला आकडा कळीचा आणि पिशवीतला माल पावडरीचा, असं झालं की सफेदी पातळ पडते आणि मालक म्हणतो, 'यंदाचा चुना कमअस्सल निघाला.' उलट कळीही फार दिवस उघड्या पोत्यात राहिली तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन आपोआप भुगा होते. त्या भुग्याचा काही भाग भिंतीवर जाण्याआधीच खडू झालेला असतो. तो भिंतीला धरणार कसा? पाण्यात टाकल्यावर कळी जोरात तापली, उकळली तर माल जिवंत. नुसतीच भिजली तर पोतं परत करावं.

चुना विरवण्याची सरकारी कामांतली पद्धत घरीही चालते. एक किलो कळीला पाच लिटर पाणी या प्रमाणात पातळ मलई करायची आणि चोवीस तास तशीच राहू द्यायची. मग जाड्याभरड्या कापडातून गाळायची. मलईच्या दर दहा लिटरला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. पांढऱ्याला पिवळी झाक येऊ नये म्हणून किलोमागे फार तर तीन ग्रॅम नीळ. आपल्या खोलीच्या सव्वातेरा किलोंना 66 लिटर पाणी, पाव किलोहून थोडा जास्त डिंक आणि चाळीस ग्रॅम नीळ इतकं सामान लागतं. कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, कारण उकळता चुना अंगावर उडतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो. प्लॅस्टिकची बादली त्या उष्णतेनं वितळू शकते, तेव्हा पत्र्याचं पिंप घ्यावं आणि पोरांना लांब ठेवावं.

चुन्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त माल वाया जातो तो डोळ्यांच्या फसगतीमुळे. ओली सफेदी भिंतीवर जवळजवळ पारदर्शक दिसते. खालचा जुना रंग, डाग, गिलाव्याची राखाडी झाक सगळं तिच्यातून दिसत राहतं. नवखा माणूस घाबरतो आणि मलई घट्ट करतो किंवा तिथल्या तिथे पुन्हा कुंचला फिरवतो. खरं तर सफेदीचा पांढरेपणा वाळताना वाढतो. दुसऱ्या दिवशी तीच भिंत झक्क पांढरी दिसते. घट्ट थर मात्र महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, कारण जाड थराच्या आत हवा पोहोचत नाही आणि चुना दगड होण्याआधीच वाळून भेगाळतो. म्हणजे चुना दीडपट गेला आणि टिकाऊपणा कमी झाला. जाणते रंगारी म्हणूनच पातळ मलईचे हात देतात. प्रत्येक हात आधी वरून खाली, मग त्याच जागी खालून वर, आणि तो ओला असतानाच आडवा एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पुढचा हात आधीचा वाळल्यावर.

हात बरोबर बसला की नाही हे तळव्यानं कळतं. पूर्ण वाळलेल्या भिंतीवर तळवा घासला आणि पांढरी भुकटी भरपूर आली, तर तिथे डिंक कमी पडला आहे किंवा भिंत कोरडी ठणठणीत असताना चुना मारला गेला आहे. तापलेली, कोरडी भिंत मलईतलं पाणी झटकन ओढून घेते आणि चुन्याला हवेशी संधान बांधायला वेळच मिळत नाही. कुंचला फिरवण्याआधी भिंतीवर पाण्याचा हलका शिपका मारण्याचा रिवाज त्यासाठीच आहे. त्यानं चुना वाचतो आणि भिंत झाकते जास्त.

डिस्टेंपरमध्ये खेळ वेगळा आहे, कारण तिथे डब्यावरच आकडा छापलेला असतो आणि छापलेल्या आकड्यावर आपला नको इतका विश्वास असतो. त्यातही डिस्टेंपर दोन प्रकारचं. कोरडं डिस्टेंपर ही खडूसारखी पूड. तिच्यात सरस आणि रंग असतो, घरी पाण्यात कालवायची. धुता येणारं डिस्टेंपर मात्र घट्ट लगद्यासारखं डब्यात येतं. त्याच्या किलोमध्ये पाणी आधीपासूनच असतं. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो.

कोरड्या डिस्टेंपरला पुस्तकं शंभर चौरस मीटरमागे पहिल्या हाताला साडेसहा किलो आणि दुसऱ्या हाताला पाच किलो धरतात. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: सगळे हात सारखे पीत नाहीत. पहिला हात कोरड्या, तहानलेल्या गिलाव्यावर जातो आणि दुसरा आधीच भरलेल्या छिद्रांवर. आपल्या खोलीच्या भिंती 487 चौरस फूट, म्हणजे सव्वापंचेचाळीस चौरस मीटर. पहिल्या हाताला जवळजवळ तीन किलो आणि दुसऱ्याला सव्वादोन, मिळून सव्वापाच किलोंच्या आत काम होतं. पहिल्या हाताचाच आकडा दोनदा धरला असता तर सहा किलो आले असते. एका खोलीत पाऊण किलोचा फरक फारसा जाणवत नाही, पण शाळेच्या दहा वर्गांना तोच फरक सात किलोंवर जातो.

सुरुवातीच्या दोन रंगाऱ्यांचं भांडण धुता येणाऱ्या डिस्टेंपरवरचं आहे. समजा डब्यावर लिहिलं आहे, 'एका किलोत दोन हात, 60 ते 70 चौरस फूट'. मधला 65 घेतला तर 487 भागिले 65, म्हणजे साडेसात किलो. इथे हातांचा गुणाकार करायचाच नाही, कारण दोन हात त्या आकड्यातच मोजलेले आहेत. दुसऱ्या रंगाऱ्यानं सवयीनं क्षेत्रफळाला आधी दोननं गुणलं आणि मग 65 नं भागलं, त्याला पंधरा आले. तिसरी चूक याच्या उलटी. डब्यावर एका हाताचा आकडा, समजा 130, छापलेला असतो आणि घाईत तो दोन हातांचा समजला जातो. मग पावणेचार किलो आणले जातात आणि पहिला हात संपताच डबा रिकामा होतो. दुकानदाराला हा प्रश्न तोंडी विचारावा आणि उत्तर डब्यावर बोट ठेवून घ्यावं: हा आकडा एका हाताचा की दोन हातांचा?

एवढं करूनही छापील आकडा हा कंपनीच्या गुळगुळीत, बंद छिद्रांच्या पृष्ठभागावरचा असतो. नीरू फिरवलेली किंवा लांबी भरून घासलेली भिंत त्याच्या जवळपास येते. वाळूचा खरबरीत गिलावा मात्र टेपला जेवढा दिसतो त्याहून मोठा असतो, कारण प्रत्येक कणाच्या भोवती रंग जातो. त्यावर प्रायमर नसेल तर पहिल्या हाताचा अंदाज पार कोलमडतो. म्हणून मोठं काम असेल तर एक ब्रास भिंत रंगवून पाहणं हाच खरा उपाय आहे. दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन खडूनं आखायचा, आणि तोही सगळ्यात देखण्या भिंतीवर नाही, सर्वसाधारण भिंतीवर.

समजा दोन किलो डिस्टेंपरमध्ये एक लिटर पाणी घातलं. बादलीत तीन किलो मिश्रण झालं. कुंचला त्यात बुडवून, बादलीसकट काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायचं. एक ब्रास रंगवून झाल्यावर कुंचल्यासकट पुन्हा वजन करायचं. फरक 1.2 किलो आला तर भिंतीवर गेलेलं मिश्रण तेवढं, पण डिस्टेंपर त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे 800 ग्रॅम. उरलेलं 400 ग्रॅम पाणी आहे, आणि पाणी आपण विकत आणत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनावर दुसरा हात. मिश्रण 900 ग्रॅम गेलं तर डिस्टेंपर 600 ग्रॅम. दोन्ही मिळून एका ब्रासला एक किलो 400 ग्रॅम. आपल्या 4.87 ब्रासला 6.8 किलो. त्यावर कोपरे, सांडलवंड आणि कुंचल्यात अडकलेलं म्हणून पाच टक्के धरले की सव्वासातच्या आत. पाच, दोन आणि एक किलोचे डबे आणले की काम उरकलं. मिश्रणाचंच वजन डिस्टेंपरचं समजून मोजलं असतं तर दहा किलोंच्या वर गेलो असतो.

याच चौकोनावर आणखी एक गोष्ट उघडी पडते, आणि ती कुठल्याही भागाकारात येत नाही. भिंतीवर वर्षानुवर्षांच्या सफेदीचे थर असतील आणि त्यावर थेट धुता येणारं डिस्टेंपर चढवलं, तर ते गिलाव्याला चिकटत नाही, खालच्या सुट्या चुन्याला चिकटतं. वाळताना ते आकसतं आणि चुन्याला सोबत घेऊन पोपडे धरतं. चौकोन वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटकन ओढावी. पट्टीच्या मागे पांढरा थर आला तर सगळी भिंत खरवडून, धुऊन, प्रायमर देऊनच पुढे जायचं. तेवढी तयारी जमणार नसेल तर त्या भिंतीला चुनाच बरा. चुन्यावर चुना चांगला बसतो, शिवाय तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. ओल येणाऱ्या भिंतीवर डिस्टेंपरचा हिशेब कितीही चोख असला तरी पैसे पाण्यात.

रंगीत डिस्टेंपर घेणार असाल तर लागणारे सगळे डबे एकाच वेळी आणि एकाच बॅचचे घ्या. नंतर आणलेल्या किलोभर रंगाची छटा भिंतीच्या मध्यावरच वेगळी दिसते, आणि मशीनवर कालवून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. चुन्याचं तसं नाही. उरलेला विरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला, वर चार बोटं पाणी राहील एवढं बघितलं, तर तो पुढच्या दिवाळीलाही तितकाच चालतो. म्हणून चुना दोन किलो जास्त आणायला हरकत नाही. रंगीत डिस्टेंपर मात्र मोजूनच आणावं.